मागणी चार-पाच ओळींत, भाववाढही तेवढ्यातच: अर्थशास्त्राच्या वर्कशीटमधली व्याख्या कशी लिहायची, किती लिहायची

नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची पोट्टी अर्थशास्त्राला येतात. मागच्या महिन्यात एकाने वर्कशीट आणून टेबलावर ठेवली. प्रश्न दोन गुणांचा होता: ‘मागणी म्हणजे काय ते उदाहरणासह सांगा.’ उत्तर पानभर होतं. सुरुवात अशी: ‘मागणी म्हणजे एखादी गोष्ट मागणे. माणसाला जीवनात अनेक गोष्टी लागतात. मागणी ही फार महत्त्वाची असते.’ पुढे अन्न, वस्त्र, निवारा, मोबाइल, सगळं आलं होतं. मी अर्धा गुण दिला, तोही खाली एका वाक्यात चुकून ‘किंमत’ हा शब्द आला होता म्हणून.

त्याचं म्हणणं होतं, ‘सर, एवढं लिहिलं तरी?’ आणि शेजारी बसलेल्या मुलीने त्याच प्रश्नाला एकच ओळ लिहिली होती: ‘वस्तू घेण्याची इच्छा म्हणजे मागणी.’ तिलाही अर्धाच. एकाने जास्त लिहिलं, दुसरीने कमी, पण चूक दोघांची एकच होती. व्याख्येत नेमकं काय यायलाच हवं, हे दोघांनीही मोजलं नव्हतं. ते मोजलं की उत्तर किती लांब हवं हे बरंचसं आपोआप ठरतं. म्हणून या लेखात आधी व्याख्या आणि मग लांबी. उदाहरणाला दोनच संकल्पना घेतो, मागणी आणि भाववाढ. या दोन नीट जमल्या की बाकीच्यांना हीच रीत लावता येते.

आधी घरातला अर्थ बाहेर ठेवा

मराठी माध्यमाच्या मुलांची एक वेगळीच अडचण असते. अर्थशास्त्रातले शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातलेच असतात, त्यामुळे अर्थ आधीच माहीत आहे असं वाटतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की नागपुरात मोर्चे येतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात आणि ‘आमच्या मागण्या मान्य करा’ अशा घोषणा होतात. लग्नाच्या बोलण्यात मुलीला ‘मागणी घालतात’. या दोन्ही ठिकाणी मागणी म्हणजे मागणं, हक्क सांगणं किंवा विचारणा करणं. त्यात किंमत नसते, नगसंख्या नसते, पैसे मोजायची तयारी नसते. वर्कशीटवर पेन टेकवताच हा घरातला अर्थ आधी हातात येतो आणि ‘मागणी म्हणजे मागणे’ असं वाक्य तयार होतं.

भाववाढीत सापळा आणखी बारीक आहे. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच नोट्समध्ये तिलाच ‘चलनवाढ’ म्हणतात. मूल शब्द फोडतं आणि लिहितं: ‘चलनात वाढ होणे म्हणजे चलनवाढ.’ ऐकायला बरोबर वाटतं, पण ही व्याख्या झालीच नाही, हे एक कारण झालं. चलनाचा पुरवठा वाढल्यामुळे किमती वाढू शकतात. तशाच त्या कच्चा माल, इंधन, मजुरी महाग झाल्यामुळेही वाढू शकतात. व्याख्येत काय घडतं ते सांगायचं असतं, का घडतं ते पुढच्या प्रश्नाचं काम. म्हणून मी मुलांना सांगतो: प्रश्नात ‘चलनवाढ’ छापलं असेल तर उत्तरात तोच शब्द वापरा, पण वाक्य किमतींपासून सुरू करा, नोटांपासून नाही.

शब्द काढून पाहा

व्याख्या पाठ करण्याआधी तिच्यातला एकेक शब्द काढून पाहायचा. शब्द काढल्यावर काही भलतंच आत शिरत असेल, तर तो शब्द कामाचा. काहीच बिघडत नसेल, तर तो भरतीचा. मागणीची व्याख्या आम्ही वर्गात अशी लिहितो:

> विशिष्ट किमतीला आणि विशिष्ट कालावधीत ग्राहक एखाद्या वस्तूची जेवढी नगसंख्या पैसे देऊन घेण्यास तयार आणि समर्थ असतो, तिला त्या वस्तूची मागणी म्हणतात.

यातला ‘समर्थ’ काढा. वर्गातल्या प्रत्येकाला नवी मोटारसायकल घ्यायचीच आहे, पण खिशात बसच्या भाड्यापुरते पैसे. ‘समर्थ’ नसेल तर या सगळ्या पोट्ट्यांची इच्छा मागणीत धरावी लागेल आणि शोरूमवाला उगाच खूश होईल. ‘तयार’ काढा. आता पैसेवाला पण चिक्कू माणूस आत येतो. त्याची ऐपत आहे, मनात इच्छाही असेल, पण खर्च करायची तयारी नाही. तीही मागणी नव्हे.

‘विशिष्ट किमतीला’ काढा. ‘आमच्या घरी ३ डझन संत्र्यांची मागणी आहे’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारायचं, कोणत्या भावाला? ४० रुपये डझन असतील तर ४ डझन घेऊ, १०० रुपये झाले तर एकच. किंमत सांगितल्याशिवाय मागणीचा आकडा अर्धवट राहतो. ‘विशिष्ट कालावधीत’ काढा. ३ डझन म्हणजे दिवसाला, आठवड्याला की अख्ख्या हंगामाला? हा शब्द मुलं सर्वांत जास्त गाळतात, कारण रोजच्या बोलण्यात तो गृहीत असतो.

म्हणजे मागणीच्या व्याख्येत चार अटी झाल्या: तयारी, ऐपत, किंमत, काळ. इच्छा वेगळी लिहिली तरी चालेल, पण पैसे मोजायच्या तयारीत ती येऊनच जाते. वरचं वाक्य २२ शब्दांचं आहे आणि त्यात या चारही अटी बसतात. सुरुवातीच्या पानभर उत्तरात यातली एकच अट होती, आणि एका ओळीच्या उत्तरात तर नुसती इच्छा. अर्धा गुण कुठून आला ते आता दिसेल.

लांबी घड्याळावरून ठरते

‘सर, किती ओळी लिहू?’ हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. ओळींवर उत्तर देणं कठीण, कारण एकाच्या ओळीत सहा शब्द बसतात तर दुसऱ्याच्या बारीक अक्षरात बारा. शब्दांवर देता येतं. आणि शब्दांचा आकडा वेळेतून निघतो.

राज्य मंडळाचा बारावीचा अर्थशास्त्राचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा. म्हणजे १८० मिनिटं. त्यातली २० मिनिटं प्रश्न वाचायला आणि शेवटी तपासायला ठेवली तर १६० उरतात. ८० गुणांना १६० मिनिटं, म्हणजे गुणामागे २ मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नाला ४ मिनिटं, चार गुणांच्या प्रश्नाला ८ आणि आठ गुणांच्या प्रश्नाला १६.

आता स्वतःचा वेग मोजा. पुस्तकातला एक परिच्छेद घड्याळ लावून ५ मिनिटं वाचता येईल अशा अक्षरात लिहून काढा, शब्द मोजा आणि ५ ने भागा. आमच्याकडे बहुतेकांचे मिनिटाला १५ ते २० शब्द निघतात. १५ धरून चाला, कारण परीक्षेत हात आखडतो. दोन गुणांच्या ४ मिनिटांतलं एक मिनिट विचाराचं. राहिलेल्या ३ मिनिटांत ४५ शब्द. चार गुणांच्या ८ मिनिटांतली २ विचाराची, ६ मिनिटांत ९० शब्द. आठ गुणांच्या १६ मिनिटांत २ विचाराची, ४ आकृती आणि कोष्टकाची, आणि उरलेल्या १० मिनिटांत १५० शब्द.

ताळा करायचा असेल तर सीबीएसईचा बारावीचा अर्थशास्त्राचा पेपर पाहा. तिथे शब्दमर्यादा छापलेलीच असते: ३ गुणांना ६० ते ८०, ४ गुणांना ८० ते १००, ६ गुणांना १०० ते १५०. म्हणजे गुणामागे साधारण वीस-पंचवीस शब्द. आपलं घड्याळाचं गणितही त्याच्याच जवळ येतं. एक फरक लक्षात घ्या: गुण वाढत जातात तसे गुणामागचे शब्द थोडे कमी होतात, कारण मोठ्या उत्तरात आकृती आणि कोष्टक शब्दांचं काम करतात.

वर्कशीटवर कधीकधी गुण दिलेलेच नसतात. तेव्हा प्रश्नाचं क्रियापद पाहायचं. ‘व्याख्या लिहा’ किंवा ‘अर्थ सांगा’ म्हटलं की एक वाक्य पुरे. ‘संकल्पना स्पष्ट करा’ म्हटलं की व्याख्या आणि उदाहरण, म्हणजे दोन गुणांचं उत्तर. ‘सहमत आहात का? सकारण लिहा’ किंवा ‘घटक स्पष्ट करा’ हे चार गुणांचं. ‘सविस्तर’ हा शब्द दिसला की आठचं. छापील रिकाम्या ओळींवर फार विसंबू नका. वर्कशीट तयार करणारा पुष्कळदा पान भरावं म्हणूनही ओळी आखतो.

तीच मागणी, चार मापांत

एका गुणाला वरची २२ शब्दांची व्याख्या. तिच्यापुढे काही लिहायचं नाही. ‘अशा प्रकारे मागणीची व्याख्या सांगता येईल’ असलं शेपूट तर नकोच.

दोन गुणांना तीच व्याख्या आणि तिच्याखाली उदाहरण. पण उदाहरणात व्याख्येतल्या अटी दिसल्या पाहिजेत. ‘उदा., संत्र्यांची मागणी’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. असं लिहा:

> उदा., ६० रुपये डझन या भावाने एक कुटुंब आठवड्याला ३ डझन संत्री घेत असेल, तर ६० रुपये किमतीला त्या कुटुंबाची संत्र्यांची साप्ताहिक मागणी ३ डझन आहे.

किंमत आली, नग आला, काळ आला. प्रत्यक्ष विकत घेतात म्हटल्यावर तयारी आणि ऐपतही आली. व्याख्या आणि उदाहरण मिळून ४८ शब्द होतात, म्हणजे घड्याळाने दिलेल्या ४५ च्या जवळच. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाला हेच उत्तर दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘एवढंसंच?’ हो, एवढंसंच.

दोन गुणांचा आणखी एक प्रकार असतो, प्रसंग देऊन ‘संकल्पना ओळखा व स्पष्ट करा’. इथे संकल्पनेचं नाव स्वतंत्र ओळीत लिहायचं आणि खाली दोन वाक्यांत स्पष्टीकरण. नाव परिच्छेदात लपवलं की तपासणाऱ्याला ते शोधत बसावं लागतं. आणि नाव चुकलं तर खालचं सुंदर स्पष्टीकरणही वाया जातं, म्हणून विचाराचं एक मिनिट इथे नावावरच घालवा.

चार गुणांना नुसती व्याख्या फुगवून चालत नाही. मुलं तेच वाक्य तीन वेगवेगळ्या शब्दांत लिहितात आणि ९० शब्द भरतात. तपासणारा शब्द मोजत नाही, मुद्दे मोजतो. ‘मागणी निश्चित करणारे घटक स्पष्ट करा’ या प्रश्नाचं आमच्या वर्गातलं एक उत्तर जसंच्या तसं देतो:

> वस्तूची मागणी पुढील घटकांवर अवलंबून असते.
> किंमत: इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणीचा संकोच होतो आणि किंमत उतरली की विस्तार होतो.
> उत्पन्न: उत्पन्न वाढले की सामान्य वस्तूंची मागणी वाढते, हलक्या प्रतीच्या वस्तूंची मात्र कमी होते.
> संबंधित वस्तूंच्या किमती: चहा महागला तर पर्यायी वस्तू असलेल्या कॉफीची मागणी वाढते, पेट्रोल महागले तर पूरक वस्तू असलेल्या दुचाकींची मागणी कमी होते.
> हवामान: उन्हाळ्यात कूलरची किंमत तीच राहिली तरी मागणी वाढते.

हे ६८ शब्द आहेत. ९० पर्यंत अजून जागा आहे, तिथे आवडीनिवडी हा आणखी एक घटक घालता येईल. पण आहे तेवढ्यावरही मी चारपैकी चार दिले, कारण चार वेगळे मुद्दे आहेत आणि प्रत्येकात नुसतं नाव नसून कारण किंवा उदाहरण आहे.

या उत्तरातला पहिला घटक आणि शेवटचा घटक यांच्या भाषेत एक फरक आहे, तो मुद्दाम केलेला आहे. संत्र्यांचा हंगाम जोरात आला, कळमन्याच्या बाजारात आवक वाढली आणि भाव उतरले म्हणून लोकांनी जास्त संत्री घेतली, तर तो मागणीचा ‘विस्तार’. ग्राहक त्याच मागणी वक्रावर खाली सरकला. याउलट एप्रिल-मे मध्ये नागपूर तापलं की कूलर आणि वाळ्याच्या ताट्या स्वस्त होत नाहीत, झाल्या तर महागच होतात, तरी लोक जास्त घेतात. किमतीशिवाय दुसरंच काहीतरी बदललं. ही मागणीतली ‘वाढ’, काही पुस्तकांत तिला ‘वृद्धी’ म्हणतात. इथे अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. ‘फरक स्पष्ट करा’ मध्ये ही जोडी आली तर दोनच मुद्दे लिहा: कशामुळे घडतं, आणि वक्राचं काय होतं. दोन्ही रकान्यांत एकाच प्रश्नाचं उत्तर समोरासमोर यायला हवं. डावीकडे कारण आणि उजवीकडे उदाहरण, असं तिरपं लिहिलं तर ती दोन टिपणं होतात, फरक होत नाही.

आठ गुणांना बहुतेक वेळा मागणीचा नियम येतो, कधी अपवादांसह, कधी गृहीतकांसह. मार्शलच्या नावाने सांगितला जाणारा नियम एका वाक्यात लिहायचा: इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढल्यास मागणीची नगसंख्या कमी होते आणि किंमत कमी झाल्यास नगसंख्या वाढते. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे चार शब्द गळाले तर नियम मोडतो, कारण मग उन्हाळ्यातल्या कूलरने तो खोटा पडेल. त्याखाली कोष्टक, उदाहरणार्थ:

| संत्र्यांची किंमत (रु. प्रति डझन) | साप्ताहिक मागणी (डझन) |
|---|---|
| १०० | १ |
| ८० | २ |
| ६० | ३ |
| ४० | ४ |

चार ओळी पुरतात, दहा लिहिण्यात वेळ जातो. मग आकृती. क्ष अक्षावर मागणीची नगसंख्या, य अक्षावर किंमत. दर वर्षी काही मुलं हे उलटं करतात, कारण गणिताच्या तासाला कारण क्ष वर आणि परिणाम य वर घ्यायची सवय लागलेली असते. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घ्यायचा प्रघात आहे. वक्र डावीकडून उजवीकडे खाली येतो. त्याला नाव द्या, दोन्ही अक्षांना नावं द्या. नावं नसलेली आकृती म्हणजे नुसती तिरपी रेघ. आकृतीखाली दोन वाक्यांत ती वाचून दाखवा: किंमत १०० वरून ४० पर्यंत उतरली तेव्हा मागणी १ वरून ४ डझनांपर्यंत गेली, म्हणून वक्राचा उतार ऋणात्मक आहे. यानंतर प्रश्नात जे मागितलं असेल तेच. गृहीतकं मागितली तर चार-पाच, प्रत्येकी एक ओळ. अपवाद मागितले तर गिफेन वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू आणि भविष्यात किंमत आणखी वाढेल ही अपेक्षा, प्रत्येकी दोन वाक्यं. मागितलं नसताना दोन्ही लिहिणारे शेवटच्या प्रश्नाला धावपळ करतात.

भाववाढ: कांद्यावरून उडणारा गोंधळ

भाववाढीची व्याख्या वर्कशीटमध्ये सर्वांत जास्त चुकते ती एका वस्तूमुळे. कांदा महागला, टोमॅटो महागला, बातम्यांत ‘महागाईचा भडका’ असं ऐकलं, की मुलं लिहितात ‘वस्तूची किंमत वाढणे म्हणजे भाववाढ’. याही व्याख्येतल्या अटी काढून पाहू:

> अर्थव्यवस्थेतील वस्तू व सेवांच्या सर्वसाधारण किंमत पातळीत काही काळ सातत्याने होणारी वाढ म्हणजे भाववाढ होय.

इथे दोन अटी वजनदार आहेत. ‘सर्वसाधारण किंमत पातळी’ काढली की एकटा कांदा आत शिरतो. ‘सातत्याने’ काढलं की दिवाळीच्या आठवड्यापुरती चढलेली किंमतही भाववाढ ठरते. ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही, म्हणून मी एका घराची महिन्याची पिशवी फळ्यावर मांडतो. आकडे माझेच, हिशेबापुरते:

| वस्तू | महिन्याचे प्रमाण | मागील वर्षाचा भाव | मागील खर्च | यंदाचा भाव | यंदाचा खर्च |
|---|---|---|---|---|---|
| तांदूळ | १० किलो | ५० | ५०० | ४८ | ४८० |
| तूर डाळ | ३ किलो | १२० | ३६० | ११० | ३३० |
| तेल | ४ लिटर | १३० | ५२० | १२५ | ५०० |
| कांदे | ५ किलो | २० | १०० | ४० | २०० |
| एकूण | | | १४८० | | १५१० |

कांदा दुप्पट झाला. चौकात सगळे ‘महागाई, महागाई’ म्हणून राहिले आहेत. पण पिशवीचा खर्च १४८० वरून १५१० वर गेला, म्हणजे ३० रुपयांनी. निर्देशांक काढला तर १५१० भागिले १४८० गुणिले १०० बरोबर १०२.०३. वाढ २ टक्क्यांच्या किंचित वर. कारण कांद्यावर घरचा खर्च मुळात १४८० पैकी १०० रुपयेच होता आणि बाकीच्या तिन्ही वस्तू थोड्या उतरल्या. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक तत्त्वतः याच पद्धतीने चालतो, फक्त पिशवी कितीतरी मोठी असते आणि तिच्यात घरभाडं, प्रवास, औषधपाणी, शिक्षण हेही असतं.

दोन गुणांना वरची १५ शब्दांची व्याख्या आणि तिच्याखाली ही तीन वाक्यं:

> भाववाढीच्या काळात पैशाची खरेदीशक्ती कमी होते. म्हणजे तेवढ्याच रुपयांत पूर्वीपेक्षा कमी वस्तू मिळतात. किंमत निर्देशांक वर्षभरात किती टक्के वाढला यावरून भाववाढीचा दर काढतात.

सगळे मिळून ३८ शब्द. मागणीपेक्षा दहा कमी, तरी पूर्ण उत्तर. दोन गुणांची सगळी उत्तरं एकाच उंचीची दिसावीत म्हणून दहा शब्द शोधत बसू नका.

चार गुणांना हाच विषय सहमत-असहमत मध्ये येतो. ‘कांद्याचे भाव दुप्पट होणे म्हणजे भाववाढ होय’ असं विधान मी वर्गात दिलं होतं. चांगलं उत्तर असं आलं:

> मी या विधानाशी असहमत आहे.
> १) भाववाढ म्हणजे सर्वसाधारण किंमत पातळीत सातत्याने होणारी वाढ. एकट्या कांद्याची किंमत वाढणे हा सापेक्ष किमतीतील बदल आहे.
> २) कांद्याचे भाव हंगामानुसार चढतात आणि नवे पीक आले की उतरतात, म्हणून त्या वाढीत सातत्य नसते.
> ३) कुटुंबाच्या एकूण खर्चात कांद्याचा वाटा लहान असतो. त्यामुळे कांदा दुप्पट महागला तरी इतर वस्तू स्वस्त झाल्या असतील, तर किंमत निर्देशांक फारसा वाढत नाही.

हे ६० शब्द झाले. चौथा मुद्दा म्हणून पिशवीचा एका ओळीचा हिशेब जोडला की पंचाहत्तरच्या आत चार मुद्दे होतात. ‘असहमत’ पहिल्याच ओळीत आलं आहे ते पाहा. काही जण आधी अर्धं पान समजावतात आणि शेवटी सहमत की असहमत ते लिहायलाच विसरतात. आणि काही जण पहिल्या ओळीत ‘सहमत’ लिहून खाली असहमतीची कारणं देतात. असं उत्तर तपासताना माझाच पेन अडतो.

आणखी एक जागा, जिथे हुशार मुलंही घसरतात. ‘भाववाढीचा दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या’ हे विधान. समजा निर्देशांक पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी ११०, तिसऱ्या वर्षी ११५.५. दुसऱ्या वर्षीचा दर १० टक्के. तिसऱ्या वर्षी वाढ ५.५, ती ११० वर मोजायची, म्हणजे दर ५ टक्के. दर निम्मा झाला, पण १०० रुपयांची पिशवी अजून चढतीच आहे. वस्तू स्वस्त व्हायला निर्देशांक ११० च्या खाली यायला हवा होता, आणि सर्वसाधारण किमती अशा उतरत राहिल्या की त्याला चलनघट किंवा भावघट म्हणतात. इथे ५.५ ला १०० ने भागून ‘५.५ टक्के’ लिहिणारेही निघतात. छेदात नेहमी आधीच्या वर्षाचा निर्देशांक घ्यायचा, पायाभूत वर्षाचा नाही. या विधानाला तीन आकड्यांची एक ओळ आणि तीन वाक्यं पुरतात. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा, हे माहीत असेल तर एका वाक्यात लिहा. त्यातून इतकं दिसतं की किमती हळूहळू वाढणं गृहीतच धरलेलं आहे, स्वस्ताई हे लक्ष्य नाही.

लिहून झाल्यावर पेन्सिलने

वर्कशीट देण्याआधी समासात पेन्सिलने दोन खुणा करायला मी सांगतो. व्याख्येतली प्रत्येक अट उत्तरात जिथे सापडेल तिथे एक टिंब. मागणीला चार टिंबं, भाववाढीला किमान दोन. टिंब कमी पडलं तर शब्द कितीही असोत, उत्तर अपुरं आहे. दुसरी खूण उलटी: ज्या वाक्यावर एकही टिंब, एकही नवा मुद्दा, एकही आकडा येत नाही त्याला कंस. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’, ‘अर्थशास्त्रात या संकल्पनेला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ ही वाक्यं हमखास कंसात जातात. कंस खोडले की लांबी आपोआप जागेवर येते.

त्या पानभर उत्तरवाल्याने पुढच्या आठवड्यात ‘पुरवठा’ची वर्कशीट आणली. समासात टिंबं होती, तीन. चौथं कुठे गेलं विचारल्यावर त्याने डोकं खाजवलं, वाक्य पुन्हा वाचलं आणि ‘कालावधी राहिला सर’ म्हणत दोन शब्द मधल्या जागेत बारीक अक्षरात घुसवले.